काळा किती काळा? कर्वेनगरच्या एका हॉलसाठी टीव्ही निवडताना

दिवाळीच्या तोंडावर भाच्याचा फोन आला. "मामा, आईला एलईडी घ्यायचाय, मला ओएलईडी हवाय आणि अण्णा म्हणतायत की आहे तो एलसीडी अजून छान चाललाय. तू ये आणि काय तो निकाल लाव."

अण्णा म्हणजे बहिणीचे सासरे. त्यांच्या कर्वेनगरच्या फ्लॅटमध्ये २०१० साली घेतलेला ३२ इंची एलसीडी होता. माझी नोकरी इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात गेली, त्यामुळे नात्यागोत्यात टीव्ही, इन्व्हर्टर, मिक्सर यांचे खटले माझ्याकडे येतात. हा खटला मात्र जरा खोलात जाऊन लढवण्यासारखा निघाला. टीव्ही कोणता चांगला, या प्रश्नाचं उत्तर टीव्हीपेक्षा त्या हॉलमध्येच जास्त होतं.

नावं तीन, जाती दोन

आधी नावांचा गोंधळ निस्तरू. दुकानात एलसीडी, एलईडी आणि ओएलईडी अशा तीन पायऱ्या सांगतात. त्यातल्या पहिल्या दोन मुळात एकच आहेत.

एलसीडी म्हणजे द्रव स्फटिकांचा पडदा. हा पडदा स्वतः उजेड देत नाही. त्याच्या मागे दिवा असतो आणि पडद्याचा प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, त्या उजेडासाठी झडपेचं काम करतो. विजेचा दाब कमीजास्त केला की स्फटिक वळतात आणि पुढच्या-मागच्या पोलरायझरांमधून कमीजास्त उजेड बाहेर येतो. पुढे लाल, हिरवी आणि निळी गाळणी असते, तिच्यामुळे रंग दिसतात.

अण्णांच्या टीव्हीत पडद्यामागे बारीक नळ्या आहेत, ट्यूबलाइटच्या धाकट्या भावंडांसारख्या. २००९ च्या सुमारास कंपन्यांनी त्या नळ्या काढून त्यांच्या जागी एलईडी बसवले आणि नवीन मालाला 'एलईडी टीव्ही' म्हणायला सुरुवात केली. झडपा त्याच राहिल्या, मागचा दिवा तेवढा बदलला. आज दुकानात मिळणारा प्रत्येक 'एलईडी' हा एलईडीच्या उजेडावर चालणारा एलसीडीच असतो. 'क्यूएलईडी'सुद्धा त्याच घरातला. त्यात रंग जास्त शुद्ध यावेत म्हणून दिव्यापुढे अतिसूक्ष्म कणांची एक फिल्म लावलेली असते. 'मिनी एलईडी'त मागचे दिवे खूप बारीक आणि संख्येने खूप जास्त असतात.

ओएलईडीची जात वेगळी. त्यात मागे दिवा नसतोच. सेंद्रिय रसायनांचे पातळ थर असलेला प्रत्येक पिक्सेल वीज मिळाली की स्वतः उजळतो आणि वीज तोडली की विझतो.

म्हणजे बहीण आणि भाचा यांच्यात खरा वाद एवढाच होता: दिवा आणि झडपा असलेला टीव्ही घ्यायचा, की स्वतः उजळणाऱ्या ठिपक्यांचा?

बंद झडपेतून झिरपणारा उजेड

भाचा ओएलईडीसाठी हटून बसला होता तो काळ्या रंगासाठी. त्याचं म्हणणं समजून घ्यायला पेठेतल्या जुन्या वाड्याची लाकडी खिडकी आठवावी. भर दुपारी दोन्ही फळ्या लावून घेतल्या तरी खोलीत पूर्ण अंधार होत नाही, कारण फळ्यांच्या फटींतून उजेड आत येतोच. एलसीडीत काळं दृश्य येतं तेव्हा नेमकं असंच होतं. मागचा दिवा चालूच असतो, झडपा बंद होतात आणि तरीही थोडा उजेड झिरपतो. त्यामुळे काळ्याच्या जागी गडद राखाडी दिसतो.

किती झिरपतो, हे झडपेच्या प्रकारावर अवलंबून आहे. बाजारात मुख्यतः दोन प्रकार आहेत. आयपीएस पॅनेलमध्ये पांढरा हा काळ्याच्या साधारण हजारपट उजळ असतो. व्हीए पॅनेलमध्ये तो तीन ते पाच हजारपट असतो, म्हणजे झडप जास्त घट्ट लागते. पण व्हीएला एक खोड आहे. समोरून पाहिलं की चित्र उत्तम, बाजूला बसून पाहिलं की रंग फिके पडतात. आयपीएस बाजूनेही बऱ्यापैकी टिकतं. दोन्ही गुण एकत्र हवे असतील तर एलसीडीत ते सहज मिळत नाहीत.

ओएलईडीचं चित्र त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपमाळेसारखं. जी पणती विझवली तिथे काळोख, आणि शेजारची पणती मात्र तेवत राहते. काळ्या आकाशातला एक तारा दाखवायचा तर त्या ताऱ्याचे पिक्सेल तेवढे पेटतात, बाकी सगळे बंद. झिरपायला मागे काही नाहीच.

एलसीडीवाल्यांनी यावर तोड काढली आहे. मागच्या दिव्यांचे गट पाडायचे आणि चित्राचा जो भाग काळा आहे तिथला गट मंद करायचा किंवा विझवायचा. याला 'लोकल डिमिंग' म्हणतात. अडचण संख्येची आहे. फोर-के पडद्यावर आडवे ३,८४० आणि उभे २,१६० असे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. चांगल्या मिनी एलईडी टीव्हीत गट ५०० असले, तरी एका गटाच्या वाट्याला साडेसोळा हजारांवर पिक्सेल येतात. काळ्या पडद्यावर पांढरी सबटायटल आली की तिच्यामागचे गट पेटतात आणि अक्षरांभोवती धुरकट उजेड पसरलेला दिसतो. स्वस्त एलईडी टीव्हीत तर असे गट नसतातच. दिवे कडेला असोत की मागे, सगळा पडदा एकत्रच उजळतो किंवा मंद होतो.

इथपर्यंत भाचा जिंकला होता. "मग झालं तर," तो म्हणाला.

"थांब," मी म्हटलं, "आधी हॉलचा पडदा उघड."

दुपारी काळा कुठे जातो

त्यांच्या हॉलला पश्चिमेकडे गॅलरी आहे. दुपारी तीननंतर उजेड थेट समोरच्या भिंतीवर येतो आणि टीव्ही त्याच भिंतीवर आहे. मी टीव्ही बंद करायला सांगितला आणि सगळ्यांना विचारलं, "आता पडद्याचा रंग कोणता?"

"करडा," बहीण म्हणाली. "आणि त्यात आपण सगळे दिसतोय."

टीव्ही बंद असताना पडदा जेवढा काळा दिसतो, त्याहून काळा तो चालू असताना दिसूच शकत नाही. खोलीतला उजेड काचेवर पडतो आणि त्यातला थोडा परत आपल्याकडे येतो. पडद्याच्या काळ्यात हा परतलेला उजेड मिसळतो. तो किती असतो, हे आम्ही वहीच्या पानावर मांडलं.

पडद्याचा उजेड 'निट' या एककात मोजतात. आयपीएस, व्हीए आणि ओएलईडी तिन्ही पांढऱ्याला ३०० निट उजेड देतात असं धरलं, तर अंधाऱ्या खोलीत आयपीएसचा काळा ०.३ निट येतो आणि चार हजारपटीच्या व्हीएचा ०.०७५. ओएलईडीचा शून्य. आता दुपारी पडद्यावर २०० लक्स उजेड पडतो आणि त्यातला एक टक्का परततो असं धरू. हिशेब केला तर हा परतलेला उजेड सुमारे ०.६ निट भरतो. तो तिघांच्याही पांढऱ्यात आणि काळ्यात मिळवायचा.

मग चित्र असं होतं. आयपीएसचा पांढरा काळ्याच्या सुमारे ३३० पट, व्हीएचा सुमारे ४४५ पट आणि ओएलईडीचा सुमारे ५०० पट. रात्री दिवे घालवल्यावर एक हजार, चार हजार आणि 'मोजताच येत नाही' इतकं अंतर असलेले तिघे दुपारी एका रांगेत येऊन उभे राहतात. व्हीए आणि ओएलईडी यांच्यातला फरक तर डोळ्याला जाणवणंही कठीण. ०.६ निटच्या परतलेल्या उजेडापुढे ०.०७५ निटची गळती म्हणजे भरल्या घागरीत ओतलेला तांब्या.

दुपारी आणखी एक गोष्ट ओएलईडीच्या विरोधात जाते. बहुतेक ओएलईडी पडदे छोटा ठिपका खूप उजळ करू शकतात, पण सगळा पडदाच पांढरा झाला की वीज आणि उष्णता आवरण्यासाठी ते स्वतःचा उजेड बराच कमी करतात. भर उन्हातल्या कसोटी सामन्यात पडदाभर फिकट खेळपट्टी आणि पांढरे कपडे असतात. तेव्हा मधल्या किमतीचा चांगला एलईडीसुद्धा ओएलईडीपेक्षा उजळ दिसतो.

मग मी विचारलं, या घरात टीव्ही कोण, कधी आणि कोणत्या उजेडात बघतं? बहिणीने बोटं मोजली. सकाळी अण्णांच्या बातम्या तीन तास, खिडक्या उघड्या. संध्याकाळी मालिका तीन तास, दोन ट्यूब चालू. रात्री सगळे झोपल्यावर भाच्याचा सिनेमा, सरासरी तासभर, दिवे बंद. सातांपैकी सहा तास उजेडातले. ओएलईडीचा जो काळा भाच्याला हवा होता, तो त्या घराला दिवसातून एक तास दिसणार होता.

मीटरच्या दिव्यावर मोजलेली वीज

"पण ओएलईडी वीज कमी खातो ना?" मेहुण्यांनी विचारलं. हा समज बराच पसरलेला आहे आणि अर्धा खराही आहे.

एलसीडीत मागचा दिवा चित्र कसंही असलं तरी जळतच असतो. स्क्रीनवर रात्र असो की बर्फ, साध्या एलईडी टीव्हीची वीज फारशी बदलत नाही. ओएलईडीत पेटलेल्या पिक्सेलांपुरतीच वीज लागते. त्यामुळे ५५ इंची ओएलईडी अंधाऱ्या सिनेमाला साठेक वॉटवर भागवतो आणि क्रिकेटला दीडशेच्या पुढेही जाऊ शकतो. तो काय बघतो यावर त्याचं बिल. या घरात बघितल्या जाणाऱ्या बातम्या आणि मालिका, दोन्ही झगझगीत.

जुना टीव्ही किती खातो हे आम्ही घरच्या मीटरवरच मोजलं. कोणालाही करता येईल असं आहे. महावितरणच्या मीटरवर एक छोटा लाल दिवा मिचकावत असतो आणि त्याच्या जवळ `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. याचा अर्थ, दिवा ३,२०० वेळा मिचकावला की एक युनिट झालं. आकडा मीटरगणिक वेगळा असतो, म्हणून आपल्या मीटरवरचा बघावा.

आम्ही फ्रिज, पंखे, राउटर, सेट-टॉप बॉक्स, मोबाइलचे चार्जर सगळं बंद केलं. टीव्ही 'सिग्नल नाही' दाखवत होता, तरी चालणार होतं, कारण एलसीडीला चित्राशी देणंघेणं नाही. मी जिन्यातल्या मीटरपाशी आणि भाचा घड्याळ घेऊन. दोन मिनिटांत दिवा १३ वेळा मिचकावला. दोन मिनिटांत १३, तर तासात ३९०. ३९० ला ३,२०० ने भागलं की तासाला ०.१२२ युनिट, म्हणजे सुमारे १२२ वॉट.

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. कारण आजचा ५५ इंची एलईडी टीव्ही साध्या सेटिंगवर १०० वॉटच्या आसपास चालतो. पडदा क्षेत्रफळाने जवळजवळ तिप्पट, वीज तरी कमी.

आता तिघांचा वर्षाचा हिशेब. रोज सात तास आणि हिशेबापुरते युनिटला १२ रुपये धरले. तुमचा दर तुमच्या बिलावर बघा, कारण १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत आणि त्यापुढे दर चढत जातो. जुना टीव्ही वर्षाला ३१२ युनिट, म्हणजे सुमारे ३,७५० रुपये. शंभर वॉटचा नवा एलईडी २५५ युनिट, म्हणजे ३,०६० रुपये. ओएलईडी या घरच्या सवयीप्रमाणे सरासरी ११० वॉट धरला तर २८१ युनिट, ३,३७० रुपये. एलईडी आणि ओएलईडी यांच्यात वर्षाला तीनशे रुपयांचा फरक. एवढ्यात चौघांचा एक वेळचा मिसळपावही जेमतेम होतो. विजेवरून या दोघांत निवड करण्यात अर्थ नव्हता.

विजेत खरा फरक पडतो तो पडद्याच्या आकाराने आणि सेटिंगने. दुकानातून आलेला टीव्ही अनेकदा 'व्हिविड' मोडवर असतो. मागचा दिवा पूर्ण जळतो, रंग भडक दिसतात आणि वीज दीडपटीपर्यंत जाते. 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा' मोड लावून बॅकलाइट साठ टक्क्यांवर आणला की वीजही वाचते आणि पुढे सांगतो तो दुरुस्तीचा खर्चही लांबतो.

किंमत दोनदा द्यावी लागते

टीव्हीची किंमत एकदा दुकानात द्यावी लागते आणि दुसऱ्यांदा तो बिघडतो तेव्हा.

दुकानातली आधी. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे आधी करासकट ६४,००० ला मिळणारा टीव्ही, कंपनीने मूळ किंमत तीच ठेवली तर, ५९,००० ला पडतो. त्या दिवाळीत ५५ इंची साधे एलईडी पस्तीस-चाळीस हजारांपासून दिसत होते, मिनी एलईडी साठ हजारांच्या आगेमागे आणि ओएलईडी लाखाच्या घरात सुरू होत होते. ओएलईडीत ४२ इंचांपेक्षा लहान टीव्ही मिळत नाही, त्यामुळे लहान खोलीसाठी हा प्रश्नच उरत नाही.

ओएलईडी एवढा महाग का? पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एलजीचा कारखाना आहे, तिथे टीव्ही तयार होतात. पण तयार होतात म्हणजे जोडले जातात. टीव्हीच्या किमतीतला निम्म्याहून मोठा वाटा ज्या पॅनेलचा, ते परदेशातून येतं. एलसीडीची पॅनेल बनवणारे चीनमध्ये अनेक मोठे कारखाने आहेत आणि त्यांच्या आपसातल्या चढाओढीने भाव उतरत गेले. टीव्हीच्या आकाराची ओएलईडी पॅनेल मात्र मुख्यतः दोनच कोरियन कंपन्या बनवतात, एलजी डिस्प्ले आणि सॅमसंग डिस्प्ले. त्यात सेंद्रिय थर निर्वात पोकळीत वाफेने बसवावे लागतात आणि हवेतल्या ओलाव्यापासून कायमचे बंद करावे लागतात. एवढ्या मोठ्या काचेवर हे बिनचूक करणं खर्चिक आहे.

आता दुसरी किंमत. एलईडी टीव्हीत सगळ्यात जास्त बिघडतो तो मागचा दिवा. एलईडी पट्ट्यांवर ओळीने जोडलेले असतात, त्यामुळे एक गेला तरी सगळी पट्टी बंद पडू शकते. लक्षण ठरलेलं आहे: आवाज नीट येतो, पडदा काळा. अशा वेळी खोलीत अंधार करून पडद्यावर तिरपी टॉर्च मारावी. टॉर्चच्या उजेडात अंधुक चित्र हलताना दिसलं तर पॅनेल शाबूत आहे, गेल्या आहेत त्या फक्त पट्ट्या. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत चक्कर मारली तर अशा सुट्या भागांची दुकानं दिसतात. पट्ट्या बदलण्याचा खर्च पॅनेलच्या मानाने किरकोळ असतो. दिवा सतत पूर्ण जोरावर जाळला की पट्ट्या तापून लवकर जातात, म्हणून बॅकलाइट साठ टक्क्यांवर ठेवायला सांगितलं. पॅनेलच फुटलं किंवा त्यावर उभ्या रेघा आल्या, तर मात्र एलईडी काय आणि ओएलईडी काय, नवा टीव्ही घेणं बरं पडतं.

ओएलईडीला पट्ट्या नाहीत, पण वय आहे. सेंद्रिय थर जितका वापरला जाईल तितका थकतो. पडद्याच्या एकाच जागी रोज तेच चित्र असेल तर तिथले पिक्सेल शेजाऱ्यांपेक्षा लवकर थकतात आणि त्या जागी कायमचा ठसा उमटतो. आता अण्णांच्या बातम्या डोळ्यांसमोर आणा. कोपऱ्यात वाहिनीचं बोधचिन्ह, खाली लाल पट्टी, तिच्याखाली पळणाऱ्या अक्षरांची दुसरी पट्टी. तीन तास, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस.

कॅनडातल्या आरटिंग्ज या परीक्षण करणाऱ्या संस्थेने २०१८ साली हे मुद्दाम तपासायला घेतलं. एकाच मॉडेलचे सहा ओएलईडी टीव्ही दिवसाला वीस तास चालवले, प्रत्येकावर मजकूर किंवा उजेड वेगळा. ठसा लवकर आणि ठळक उमटला तो बातम्यांची वाहिनी पूर्ण उजेडात लावलेल्या टीव्हीवर. त्यानंतरचे पडदे सुधारले आहेत, पण कारण तेच आहे. चार हजार तास उदाहरणादाखल घेतले, तर दिवसाला वीस तासांनी ते दोनशे दिवसांत भरतात. अण्णांच्या तीन तासांच्या हिशेबाने ते पावणेचार वर्षांच्या आत भरले असते. असा ठसा वॉरंटीत सहसा बसत नाही, कारण तो वापराचा परिणाम धरतात. टीव्ही घेताना ही अट लेखी वाचावी.

भिंतीवरचं बटण

ओएलईडी बनवणाऱ्यांना हे माहीत आहे, म्हणून त्यांनी त्यात एक सोय ठेवली आहे आणि ती आपल्याकडच्या घरांत हमखास वाया जाते. चार-एक तास बघून झाले की, रिमोटने टीव्ही बंद केल्यावर तो आतल्या आत काही मिनिटं पिक्सेल तपासतो. कोणता किती थकलाय हे मोजून त्याला मिळणारी वीज थोडी सावरून देतो, म्हणजे सगळे सारखे दिसतात. पडदा काळाच असतो, आपल्याला काही कळत नाही. हे काम व्हायला भिंतीवरचं बटण चालू असावं लागतं.

मी हे सांगत होतो आणि बहीण हसायला लागली. अण्णा रात्री झोपण्याआधी ठरलेल्या क्रमाने फेरी मारतात. गॅसचा रेग्युलेटर, दाराची कडी, मग टीव्हीचं बटण. टीव्हीचा लाल दिवा दिसला तरी त्यांना वीज वाहून जातेय असं वाटतं. मी हिशेब केला. रिमोटने बंद केलेला नवा टीव्ही अर्धा वॉट घेतो असं धरलं तर रोजच्या सतरा तासांचे वर्षाला तीन युनिट होतात, म्हणजे ३७ रुपये. ते ३७ रुपये वाचवताना ओएलईडीची रोजची तपासणी चुकत राहिली असती.

"मी नाही चालू ठेवणार बटण," अण्णा म्हणाले. "लाख रुपयांचा टीव्ही घ्यायचा आणि रात्रभर जागता ठेवायचा, हे मला पटत नाही."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. ऐंशीच्या माणसाची साठ वर्षांची सवय पिक्सेलसाठी मोडायला जाऊ नये, एवढं त्यालाही कळलं.

दुकानातली दहा मिनिटं

म्हणजे मिनी एलईडी आणि शक्यतो व्हीए पॅनेल, एवढं ठरलं. पण पॅनेल कोणतं ते डब्यावर लिहिलेलं नसतं, आणि एकाच मॉडेलमध्ये कधी दोन प्रकारची पॅनेल येतात. शिवाय दुकानाचा उजेड आपल्या हॉलच्या कितीतरी पट असतो आणि कंपनीच्या नमुना फिल्म्स त्या त्या टीव्हीच्या सोयीने बनवलेल्या असतात. ओएलईडीवर काळ्या पार्श्वभूमीतली फुलं, एलईडीवर भर उन्हातली बेटं.

म्हणून भाच्याने घरूनच पेन ड्राइव्हवर दोन चित्रं नेली. पहिलं पूर्ण काळं, मधोमध मराठी सबटायटलची एक पांढरी ओळ. दुसरं बातम्यांच्या वाहिनीसारखं, पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आणि खाली लाल पट्टी. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात आम्ही आधी टीव्ही 'सिनेमा' मोडवर लावायला सांगितला. विक्रेता थोडा कुरकुरला, मग लावला.

पहिल्या चित्राला दोन्ही तळहातांची ओंजळ पडद्याला टेकवून आत डोळा लावायचा, म्हणजे दुकानाचा उजेड अडतो. काळा राखाडी दिसला तर डिमिंग नाही किंवा नावापुरतं आहे. ओळीभोवती धूर दिसला तर गट कमी आहेत. एका टीव्हीवर धूर पार कडेपर्यंत पसरला होता, किंमत मात्र मिनी एलईडीची सांगत होते. तो बाद केला. दुसऱ्या चित्राला पडद्याच्या समोरून सुरुवात करून हळूहळू बाजूला सरकायचं. सदरा करडा पडला आणि लाल पट्टी गुलाबी झाली की ते पॅनेल व्हीए.

नेमकी इथे अडचण आली. अण्णांचा दिवाण टीव्हीच्या एका बाजूला, भिंतीला लागून आहे. व्हीए घेतला तर ज्याच्यासाठी टीव्ही सर्वांत जास्त तास चालणार त्यालाच फिकं चित्र दिसणार. आयपीएस घेतला तर भाच्याचा रात्रीचा काळा हातचा जाणार. बहिणीने दुकानातूनच घरी फोन लावला आणि मेहुण्यांना दिवाण समोरच्या भिंतीला सरकेल का ते बघायला सांगितलं. दहा मिनिटांत फोटो आला. दिवाण सरकला होता, सोफा थोडा पुढे आला होता आणि अण्णा नवीन जागेवर बसून रिकाम्या भिंतीकडे बघत होते.

साठ हजारांच्या आतला ५५ इंची मिनी एलईडी आला. पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा मीटर मोजला. फक्त टीव्ही चालू आणि साध्या सेटिंगवर पेन ड्राइव्हवरचं बातम्यांचं चित्र: दोन मिनिटांत दिवा ११ वेळा मिचकावला, म्हणजे १०३ वॉट. बॅकलाइट साठ टक्क्यांवर आणल्यावर ८ वेळा, म्हणजे ७५ वॉट. अण्णांनी आकडा कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवला.

त्या रात्री दिवे घालवून भाच्याने सिनेमा लावला. काळ्यात अजून किंचित उजेड होता, सबटायटलभोवती फिकट कड दिसत होती. "ओएलईडीत हे नसतं," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. सिनेमा संपला. आतल्या खोलीतून चपलांचा आवाज आला. रेग्युलेटर, कडी, आणि मग भिंतीवरचं बटण खट्कन बंद झालं.